तीनदा सांगितलं की

परीक्षकांनी दिलेली चिठ्ठी संयोगितानं तीन वेळा वाचली आणि घडी घालून ब्लाउजात खोचली. आबांच्या हाती ती पडली असती तर शाहू स्मारकच्या दारातच महाभारत झालं असतं.

चिठ्ठीत दोनच ओळी होत्या. ‘आवाज दमदार, डफ उत्तम. पण झील फार होते. पोवाडा जागचा हलत नाही, कंटाळा येतो.’ खाली सही कालिंदीबाईंची. या बाई आयुष्यभर कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्या तोंडातून शब्द निघाला की त्यात काना-मात्रेचा फरक व्हायचा नाही. तरीपण आबांची, म्हणजे शाहीर आकाराम यांची, पार्टी पहिल्या फेरीतून अंतिम फेरीत गेली होती. अंतिम फेरी पुढच्या रविवारी, अकरा वाजता.

आता झील म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक नाही त्यानं एवढं ध्यानात ठेवावं. शाहीर पुढं उभा राहून डफावर गातो. त्याच्या मागं दोघं-तिघं झीलकरी तुणतुणं आणि झांज घेऊन उभे असतात. शाहिराची ओळ संपली की ते वरच्या पट्टीत ‘जी जी रं जी जी’ करून ती ओळ उचलतात. तेवढ्यात शाहीर दम घेतो, पुढची ओळ मनात जुळवतो. ऐकणाऱ्यालाही ओळ पोटात उतरवायला सवड मिळते. कालवणात मीठ असतं तशी झील हवी, आणि तेवढीच हवी.

आबांच्या पोवाड्यात मिठाचा खडाच पडायला लागला होता, आणि तो टाकत होती संयोगिता. बापाच्या मागं तुणतुणं धरून ती चौदा वर्षं उभी होती. शाळेत मराठी शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी झील धरायची. गेल्या वर्षभरापासून आबा महापुराचा पोवाडा गाताना एका जागी अडकायचे. पंचगंगेचं पाणी गावात शिरतं तो चौक, म्हणजे पोवाड्यातलं ते कडवं. ‘पाणी आलं’, ‘पाणी आलं’ अशी एकेका ओळीला सुरुवात, आणि पाणी घाटावरनं एक एक जागा घेत वर चढतं. कुंभार गल्लीपर्यंत आबा वाघासारखे गायचे. कुंभार गल्ली आली की पुढची ओळ यायचीच नाही. तीच ओळ पुन्हा. मग आणखी एकदा. संयोगिता तेव्हा झील लांबवायची, शेजारी झांज धरणाऱ्या पिराजीकाकांना कोपरानं ढोसायची, दोघं मिळून वरचा सूर लावायची, आणि लोकांना वाटायचं, वा, काय रंग भरलाय! मग आबा एकदम पूर ओसरल्याच्या चौकावर उडी मारायचे.

तिला वाटत होतं ते एकच. आबा विसरायला लागलेत. बासष्ट म्हणजे काही वय नव्हे, पण तिच्या शाळेतल्या एका बाईंच्या सासऱ्यांचं असंच सुरू झालं होतं, आधी एक गल्ली विसरले, मग घर विसरले. तिनं सोमवारची डॉक्टरची वेळ घेऊन ठेवली होती आणि आबांना त्यातलं काही सांगितलं नव्हतं. रविवारी हॉलात सगळ्या जिल्ह्यासमोर जर आबांचं विसरणं उघडं पडलं, तर माणूस पुन्हा डफाला हात लावणार नाही. एवढं ती बापाला ओळखत होती. आणि झील कमी केली तर ते उघडं पडणारच होतं. झील तशीच ठेवली तर कालिंदीबाई पहिल्याच मिनिटाला पेन खाली ठेवणार.

बुधवारी संध्याकाळी तिनं चिठ्ठी दाखवलीच. दाखवल्याशिवाय तालीम कशाची करणार?

आबांनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला. “कंटाळा येतो? हिला कंटाळा येतो? हिच्या जन्माआधीपास्नं मी गातोय!”

“त्या तुमच्यापेक्षा धा वर्सानं मोठ्या हाईत, आबा.”

“मग तर कळाय पायजे हुतं!” असं म्हणून ते पाणी प्यायला आत गेले. पिराजीकाका भिंतीला टेकून झांजेची दोरी बांधत बसले होते. आबांचे चुलतभाऊ, तीस वर्षं त्यांच्या डाव्या हाताला उभे राहिलेले. त्यांनी मान वर केली नाही.

आबा परत आले ते वेगळाच चेहरा घेऊन. राग त्यांचा दुधासारखा, उतू जाईपर्यंतच. डफ मांडीवर घेऊन म्हणाले, “बाई बोलल्या ते खरं हाय. मीच शिकवलंय तुला, शिकवलंय का न्हाई? तीनदा सांगितलं की माणूस ऐकतो. चौथ्यांदा सांगितलं की माणूस मोजतो.”

“शिकवलंय की.”

“का मोजतो?”

“कारण तिसऱ्यांदा त्याला पुढचं काय ते कळल्यालं असतंय. चौथ्यांदा नवं काय मिळालं न्हाई तर त्याचं ध्यान शब्दावरनं उडून आकड्यावर जातंय.”

“आन् एकच शब्द धा ओळीत आला तर?”

“तर चालतंय, पण दर खेपंला त्यो शब्द कायतरी घिऊन याया पायजे. रिकाम्या हातानं आला की मेला.”

“हां. पाहुणा आन् शब्द, दोघांचं एकच.” आबा खूश झाले. तिच्या पाठीवर थाप मारायला हात उचलला आणि डफावरच मारला.

मग तिनं चौक पुन्हा बांधला. वहीत पहिल्या तीन ओळी ‘पाणी आलं’वर सुरू, मग एक झील, तीही छोटी. पुढच्या तीन ओळी, मग झील नाहीच, एकदम थांबायचं. शेवटी शाळेच्या पायरीची ओळ, आणि तिच्यानंतर ‘पाणी आलं’ हा शब्दच सोडायचा, कारण तिथून लोक छतावर जातात आणि गाणं माणसांचं होतं. कागदावर झकास दिसत होतं. आबांनी वाचून मान डोलावली.

गायला उभे राहिले.

*पाणी आलं घाटाला, एक एक पायरी मोजीत आलं*
*पाणी आलं उसाला, उसाच्या कमरंवर आलं*
*पाणी आलं गोठ्याला, दावं सोडा म्हणत आलं*

काय आवाज लागला होता! संयोगितानं छोटी झील दिली. पिराजीकाकांची झांज नेमकी थांबली. पुढं वैरणीची गंजी आली, दत्ताचं देऊळ आलं.

*पाणी आलं कुंभार गल्लीत, मडकी तरंगू लागली*

आता शाळेची पायरी. संयोगितानं श्वास धरला.

*पाणी आलं कुंभार गल्लीत, मडकी तरंगू लागली,* आबा पुन्हा म्हणाले. डोळे मिटलेले. *पाणी आलं कुंभार गल्लीत...*

तिच्या तोंडून सवयीनं झील निघाली. लांबलचक. कंटाळवाणी. तिला स्वतःलाच ऐकवेना.

त्या रात्री जेवणं झाल्यावर आबा झोपायला गेले, तेव्हा ती पिराजीकाकांना सोडायला फाटकापर्यंत आली. “काका, आबांचं डोकं... मी सोमवारी दाखवणार हाय.”

काका चपला घालत होते. “त्येला आपल्या लग्नाच्या येळच्या गोठ्यातल्या म्हशींची नावं पाठ हाईत, पोरी. अख्खा अफजलवधाचा पोवाडा उलटा म्हणून दाखवंल.”

“मग तिथंच का अडतात?”

“तिथंच का अडतोय, ह्योच तर इचार कर,” असं म्हणून काका गेले. वाकडं बोलायची त्यांची सवयच होती. संयोगिता वैतागली. सगळं गाव असं, अर्धं बोलून निघून जाणारं!

कुंभार गल्ली ही त्यांची स्वतःची गल्ली होती. महापूर आला त्या साली संयोगिता कोल्हापुरात बी.एड. करत वसतिगृहात राहत होती, गावाला जाणाऱ्या रस्त्यावर दोन पुरुष पाणी. आबा गगनबावड्याला एका शाळेत परीक्षक म्हणून गेले होते आणि घाटरस्ता बंद होऊन तिथंच अडकले. घरात आई एकटी. धोंडुबाई. तिला इतरांसोबत गावच्या शाळेत वरच्या मजल्यावर हलवलं होतं. पाणी ओसरल्यावर तिला ताप भरला. उंदराच्या लघवीनं घाण झालेल्या पाण्यात पाय जखमी झाला होता म्हणे. डॉक्टर लेप्टो म्हणाले. नवव्या दिवशी आई गेली. पाण्यात का उतरली होती, हे कुणी सांगितलं नाही, आणि संयोगितानंही विचारलं नाही. पुरात कोण पाण्यात उतरलं नव्हतं?

रविवार उजाडला. हॉल भरून गेला होता. पहिल्या रांगेत कालिंदीबाई, पांढरी सुती साडी, पुढ्यात कागद. घंटा वाजवणारा वेळाधिकारी कडेला. वीस मिनिटं, अठराव्याला पहिली घंटा. त्यांच्या आधी ऋतुराज नावाचा तरुण शाहीर गाऊन गेला होता; पोराचा आवाज चांगला, पण प्रत्येक ओळीला झील, प्रत्येक झिलीला टाळ्या मागायचा हात. पाचव्या मिनिटाला लोकांनी मोबाईल काढले. संयोगिता विंगेतून बघत होती. स्वतःचाच आरसा समोर धरल्यासारखं वाटत होतं.

“आबा,” ती म्हणाली, “झील मी कमीच देणार. अडलात तर—”

“अडत न्हाई,” आबा म्हणाले आणि फेटा घट्ट केला. हातातला डफ त्यांनी छातीशी धरला. जुनाच डफ, कडेला पुराच्या पाण्याचा तपकिरी डाग. नवा घ्या म्हटलं तर खायला उठायचे.

नमन झालं. पहिला चौक झाला. पाऊस कसा लागला, धरणाचे दरवाजे कसे उघडले. हॉल शांत झाला होता, आणि ती शांतता चांगली होती, कान देऊन बसलेल्या माणसांची. संयोगितानं पहिली झील दिली ती अशी आखूड, की पुढच्या ओळीला लोकांनी मान उंचावली. कालिंदीबाईंचं पेन हललं.

मग पाणी आलं.

घाटाला आलं. उसाला आलं. गोठ्याला आलं. दर वेळी शब्द तोच, आणि दर वेळी जमीन थोडी कमी. तिसऱ्या रांगेतल्या एका बाईनं पदर तोंडाला लावला. पुरातल्या गावची असणार. झील एक. गंजी. देऊळ. मध्ये झील नाही, ठरल्याप्रमाणं.

*पाणी आलं कुंभार गल्लीत, मडकी तरंगू लागली.*

आबांचा डफ वाजत राहिला. *पाणी आलं कुंभार गल्लीत, मडकी तरंगू लागली.*

दुसऱ्यांदा. चालेल, दोनदा चालतं. जोर द्यायला म्हणतात दोनदा. संयोगितानं मनातल्या मनात शाळेची पायरी म्हटली, जणू मागून ढकलल्यावर ती बापाच्या तोंडात जाणार होती.

*पाणी आलं कुंभार गल्लीत...*

तिसऱ्यांदा. काका तिच्याकडं बघत होते. त्यांची झांज उचललेली.

आणि चौथ्यांदा. *पाणी आलं कुंभार गल्लीत...* हॉलात कुठंतरी खुर्ची करकरली. मागच्या बाजूला कुणीतरी हळूच हसलं. पदर लावलेल्या बाईनं पदर खाली घेतला. झालं! मोजायला लागले लोक. कालिंदीबाईंनी पेन कागदावर आडवं ठेवलं.

काकांनी तोंड उघडलं, “जी जी रं—”

संयोगितानं त्यांच्या मनगटावर हात ठेवला. का ठेवला हे तिला तेव्हाही सांगता आलं नसतं. एक वर्ष ती या जागेवर माती टाकत आली होती, आणि जागा बुजत नव्हती. तिच्या लक्षात आलं की आपण बापाला वाचवतोय असं समजत होतो, पण तो पडतोय कुठं हे आपण एकदाही बघितलेलं नाही. तिनं तुणतुण्याच्या तारेवर तळवा दाबला. तार मुकी झाली. झांज मुकी झाली. उरला एकटा डफ, आणि मग तोही थांबला.

हॉलात असलं काही घडत नसतं. स्पर्धेत शाहीर थांबला की तो संपला.

ती पुढं आली. झीलकऱ्यानं पुढं यायचं नसतं, पण ती आली. आणि गाण्यात नव्हे, साध्या आवाजात, घरात बोलावं तसं विचारलं, “मग? पुढं कुठं गेलं पाणी, आबा?”

आबांनी डोळे उघडले. तिच्याकडं बघितलं. त्या नजरेत विसरल्याची एक खूण नव्हती. आईशप्पथ सांगते, असं ती नंतर काकांना म्हणाली, आबांना सगळं आठवत होतं, नको इतकं आठवत होतं.

“शाळंच्या पायरीला गेलं,” आबा म्हणाले. “पण त्याच्या आधी आपल्या घरात गेलं.”

डफावर एक थाप. मंद.

“मी गगनबावड्याला,” ते बोलत होते, बोलता बोलता चाल धरत होते, “रस्ता बंद. आन् घरात माझा डफ.”

*पैल्यांदा फोन केला, डफ घेतलास का गं?*
“ती म्हणाली, घेतो की, पाणी लांब हाय अजून.”

थाप.

*दुसऱ्यांदा फोन केला, डफ घेतलास का गं?*
“ती म्हणाली, अवो, शाळंत हलवलंय सगळ्यांस्नी. गडबडीत ऱ्हायला.”

आता डफ वाजत नव्हता. आबांनी तो दोन्ही हातांत धरला होता आणि त्याच्याकडंच बघत होते, त्या तपकिरी डागाकडं. संयोगिताही त्या डागाकडं बघत राहिली. आई पाण्यात का उतरली होती. सहा वर्षं कुणी सांगितलं नाही. काकांनी मान खाली घातली होती, म्हणजे काकांना ठाऊक होतं.

*तिसऱ्यांदा फोन केला, डफ घेतलास का गं?*

तीच ओळ. तोच शब्द. हॉलात एक माणूस हलला नाही.

“ती काय बोलली न्हाई,” आबा म्हणाले. “कंबरभर पाण्याचा आवाज येत हुता फोनात. तीनदा सांगितलं की माणूस ऐकतो. मीच शिकवतो समद्यांस्नी.” त्यांचा आवाज फाटला, पण ते थांबले नाहीत. “ती ऐकली. चौथ्यांदा फोन करायची येळ माझ्यावर आली न्हाई.”

अठराव्या मिनिटाची घंटा वाजली. वेळाधिकाऱ्यानं वाजवली खरी आणि मग चोरून हात मांडीवर घेतला. कालिंदीबाईंच्या कागदाकडं कुणाचंच लक्ष नव्हतं, खुद्द बाईंचंही नाही.

आबा मागं वळले. तीस वर्षांची सवय. ओळ संपली की शाहीर अर्धा वळतो आणि झिलीची वाट बघतो. ते वाट बघत होते. काकांकडं नव्हे, तिच्याकडं. डफ त्यांच्या हातातच होता. आईनं डोक्यावर धरून आणलेला डफ.

संयोगिताला त्यांचा राग आला. भयंकर आला, आणि तो तिनं दाबला नाही. तो डफ हिसकावून प्रेक्षकांत भिरकावून द्यावा असं वाटलं. सहा वर्षं तिनं या माणसाच्या मागं उभं राहून जी जी म्हटलं होतं, दर ओळीला, दर खोट्या ओळीलासुद्धा, मागितलं नसताना, मोजलं नसताना. त्यातल्या किती जींना काही अर्थ होता? आता एकदाच ते मागत होते, आणि नाही म्हणायचा हक्क पहिल्यांदा तिच्या हातात होता.

समोर आबांचा चेहरा होता. म्हातारा. फेट्याखाली घामानं डबडबलेला.

तिनं तारेवरचा तळवा काढला. तार छेडली, एकदाच. काकांना खुणेनं थांबवलं. आणि वरच्या पट्टीत नाही, खालच्या, आई हाक मारायची त्या पट्टीत, ती म्हणाली,

“जी.”

दुसऱ्यांदा म्हणाली नाही.